पडद्यावरचा बोल्ट कोण ओळखतं?

पाण्याचा पंप विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर त्या पंपाचं त्रिमिती मॉडेल ठेवलेलं असतं. माऊस दाबून ओढला की पंप फिरतो, चाक सरकवलं की जवळ येतो. आवरणावरच्या एका बोल्टवर क्लिक केलं की तेवढाच बोल्ट नारिंगी होतो आणि शेजारच्या चौकटीत त्याचं माप आणि सुट्या भागाचा क्रमांक येतो. पाहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. वेबपानावरचं बटण दाबलेलं कळतं, तसाच बोल्टही कळला असेल, असं तो गृहीत धरतो.

पण बटण ब्राउझरच्या ओळखीचं असतं आणि बोल्ट नसतो. बटण कुठे सुरू होतं, कुठे संपतं, याची नोंद ब्राउझरने स्वतःच केलेली असते. पंप मात्र `canvas` नावाच्या एका आयतात काढलेला असतो आणि ब्राउझरच्या लेखी तो सगळा आयत ही एकच वस्तू आहे. त्या आयतावर क्लिक झालं, डावीकडून इतकं आणि वरून इतकं, एवढंच तो सांगू शकतो. आत पंप आहे की ससा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग ज्याने चित्र काढलं त्या ग्राफिक्स चिपला विचारावं, तर तीही कानांवर हात ठेवते. वेबजीएल ही ब्राउझरमधून या चिपला काम सांगण्याची पद्धत. तिची पहिली आवृत्ती २०११ साली आली. कामाची रीत अशी की मॉडेलचा पृष्ठभाग लहान-लहान त्रिकोणांच्या जाळीत मांडायचा, हे त्रिकोण चिपकडे पाठवायचे, आणि चिप प्रत्येक त्रिकोण पडद्यावर कुठे पडतो ते काढून तिथले ठिपके रंगवते. ठिपका रंगवून झाला की तो कुठल्या त्रिकोणातून आला हे ती विसरून जाते. ८०० बाय ६०० च्या चित्रात शेवटी ४,८०,००० रंगीत ठिपके उरतात. त्यात बोल्ट नावाची वस्तू कुठेच नसते.

म्हणून पाहणाऱ्याच्या क्लिकचं उत्तर पडद्यावरून दिलं जातच नाही. त्याच त्रिकोणांची एक प्रत संगणकाच्या साध्या स्मृतीत, जावास्क्रिप्टच्या हाताशी ठेवलेली असते आणि प्रश्न तिला विचारला जातो. चित्र एका प्रतीवरून निघतं, उत्तर दुसऱ्या प्रतीवरून. या दोन प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळलेल्या असतात तोवर सगळं जादूसारखं चालतं. जिथे त्या जुळत नाहीत तिथे क्लिक भलत्याच भागाला लागतो, आणि या कामातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मी तरी याच एका ठिकाणी शोधतो.

प्रश्न विचारायची रीत संगणकाहून फार जुनी आहे. आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ साली भूमितीवर एक पुस्तक छापलं. त्यात एक काष्ठचित्र आहे: दोन माणसं मेजावर ठेवलेल्या ल्यूट या तंतुवाद्याचं चित्र काढत आहेत. भिंतीतल्या एका खिळ्यापासून दोरा निघतो, मधल्या उभ्या चौकटीतून पार होतो आणि वाद्यावर टेकतो. खिळा म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. एक जण दोऱ्याचं टोक वाद्यावरच्या एकेका बिंदूवर धरतो, दुसरा दोरा चौकटीला कुठे छेदतो ते टिपून कागदावर ठिपका देतो. असे पुरेसे ठिपके झाले की वाद्याचं चित्र तयार. ग्राफिक्स चिप आजही तत्त्वतः हेच करते. क्लिकचं काम बरोबर उलटं: चौकटीवरचा ठिपका माहीत आहे, डोळा कुठे आहे तेही माहीत आहे, त्या दोहोंमधून दोरा ताणून पुढे नेला तर तो वाद्याला कुठे टेकेल? या काल्पनिक दोऱ्याला किरण म्हणतात, आणि तो सोडण्याच्या क्रियेला रे कास्टिंग. यंत्राच्या भागांसारख्या घन आकारांसाठी संगणकावर ही पद्धत कशी वापरावी, याचं सविस्तर विवेचन जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतल्या स्कॉट रॉथने १९८२ मध्ये केलं.

ब्राउझरमध्ये हे काम बहुतेक लोक थ्री-जेएस या मोफत ग्रंथालयाकडून करून घेतात. रिकार्डो काबेयोने २०१० मध्ये ते खुलं केलं. त्यात `Raycaster` नावाची एक तयार सोय आहे, आणि तिला हाक मारायला दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळींच्या आधी एक हिशेब स्वतः करावा लागतो.

ब्राउझर क्लिकची जागा सांगतो ती खिडकीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजून. किरणाला मात्र जागा हवी असते ती चित्राच्या मध्यापासून: मध्य म्हणजे ०, उजवी कड म्हणजे १, डावी म्हणजे -१, वरची कड १ आणि खालची -१. आधी चित्राचा आयत पानात कुठे आहे ते विचारायचं, त्याचा कोपरा वजा करायचा, रुंदी-उंचीने भागायचं आणि पट्टी बदलायची:

```js
const r = canvas.getBoundingClientRect();
const x = ((e.clientX - r.left) / r.width) * 2 - 1;
const y = -((e.clientY - r.top) / r.height) * 2 + 1;
```

आकडे घालून पाहू. समजा चित्र ८०० बाय ६०० चं आहे आणि पानात डावीकडून १०० व वरून ५० ठिपके सोडून बसवलं आहे. ब्राउझर म्हणाला, क्लिक ७०० आणि २०० वर झाला. कोपरा वजा केला की चित्राच्या आत ६०० आणि १५०. ६०० भागिले ८०० म्हणजे ०.७५, दुप्पट करून १ वजा केला की ०.५. उभ्या दिशेने १५० भागिले ६०० म्हणजे ०.२५; तिथे चिन्ह उलटायचं असल्याने उत्तर पुन्हा ०.५. म्हणजे मध्यापासून उजव्या कडेपर्यंतच्या अर्ध्या वाटेवर, आणि वरही तितकंच. चिन्ह उलटायचं कारण इतकंच की वेबपानावर मोजणी वरून खाली वाढते आणि शाळेतल्या आलेखात खालून वर.

हा हिशेब तीन ओळींचा असला तरी क्लिक चुकण्याचं सर्वात नेहमीचं कारण तोच. आणि तो कुठे चुकला हे चुकीच्या तऱ्हेवरूनच ओळखता येतं, ही त्यातली मजा. वर क्लिक केल्यावर खालचा भाग निवडला जात असेल, पण मधल्या आडव्या रेषेवर सगळं बरोबर येत असेल, तर उणे चिन्ह राहिलंय. चित्रभर सगळीकडे निवड सारख्याच अंतराने सरकलेली असेल तर कोपरा वजा करायचा राहिला. डाव्या कडेला बरोबर आणि उजवीकडे जाऊ तसतशी चूक वाढत असेल तर चित्राच्या रुंदीऐवजी अख्ख्या खिडकीच्या रुंदीने भागलं आहे. ही शेवटची चूक फार पसरलेली आहे. शिकवणीच्या बहुतेक नमुन्यांत चित्र खिडकीभर असतं आणि तिथे दोन्ही रुंद्या एकच. तीच ओळ उचलून शेजारी यादी असलेल्या पानात घातली की घोटाळा सुरू होतो. फक्त मोबाईलवर चुकत असेल तर आणखी एक शक्यता. मोबाईलच्या पडद्यावर पानाच्या एका ठिपक्यामागे खरे ठिपके दोन-तीन असतात. क्लिक पानाच्या ठिपक्यांत मोजला आणि `canvas.width` मात्र खऱ्या ठिपक्यांत घेतली तर, दोनाच्या प्रमाणात, उजव्या कडेवर टेकवलेलं बोट चित्राच्या मध्यावर समजलं जातं. लॅपटॉपवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण त्याच्या पडद्यावर ते प्रमाण एकास एक असू शकतं.

आता किरण सोडायचा.

```js
raycaster.setFromCamera(new THREE.Vector2(x, y), camera);
const hits = raycaster.intersectObjects(parts, true);
```

पहिली ओळ दोरा ताणते. गणित सोपं राहावं म्हणून समजू की कॅमेरा मध्यापासून १० एकक मागे, म्हणजे (०, ०, १०) वर आहे, सरळ पंपाकडे पाहतो आणि त्याची उभी नजर ९० अंश रुंद आहे. अशा कॅमेऱ्यासमोर एक एकक अंतरावर दिसणारी चौकट मध्यापासून वर-खाली एकेक एकक पसरते आणि ८०० ला ६०० या प्रमाणात बाजूंना एक पूर्णांक एक तृतीयांश. आपला ठिपका दोन्हीकडे अर्ध्यावर. म्हणजे किरण एक एकक पुढे जाताना ०.६७ उजवीकडे आणि ०.५ वर सरकतो. पंपाचं पुढचं आवरण शून्याच्या पातळीवर असेल तर किरण तिथे दहा पावलांत पोचतो आणि (६.६७, ५, ०) या बिंदूवर टेकतो.

तिथे काही आहे का, हे दुसऱ्या ओळीचं काम. आवरणातल्या एका त्रिकोणाची टोकं (५, ४, ०), (९, ४, ०) आणि (५, ८, ०) आहेत असं धरू. पहिल्या टोकावर उभं राहून दुसऱ्याच्या दिशेने किती आणि तिसऱ्याच्या दिशेने किती चाललं की आपण त्या बिंदूवर पोचू, एवढं विचारायचं. दुसऱ्याच्या दिशेने १.६७ भागिले ४, म्हणजे ०.४२. तिसऱ्याच्या दिशेने १ भागिले ४, म्हणजे ०.२५. दोन्ही आकडे शून्याच्या वर आहेत आणि बेरीज ०.६७, म्हणजे एकाच्या आत. किरण या त्रिकोणाला लागला. यातला एकही आकडा उणे असता किंवा बेरीज एकाच्या पुढे गेली असती तर तो बाजूने निसटला असता. ही कसोटी थोडक्या गणितात आणि थोडक्या स्मृतीत कशी उरकावी हे टोमास म्योलर आणि बेन ट्रंबोर यांनी १९९७ मध्ये लिहून दाखवलं. ग्राफिक्स शिकणाऱ्याला ती रीत आजही त्यांच्याच नावाने शिकवतात.

मघाच्या हिशेबात कोपरा वजा करायला विसरलो असतो तर काय झालं असतं तेही इथे दिसतं. ७०० आणि २०० हेच आकडे तसेच वापरले तर जागा ०.७५ आणि ०.३३ येते, किरण (१०, ३.३३, ०) वर पोचतो, पहिला आकडा १.२५ आणि दुसरा उणे. माऊसचा बाण त्रिकोणाच्या पोटावर टेकलेला दिसत असताना उत्तर येतं: इथे काही नाही.

किरण पहिल्या त्रिकोणावर थांबत नाही हेही सांगायला हवं. तो पंपाच्या आरपार जातो आणि वाटेत लागलेल्या प्रत्येक त्रिकोणाची नोंद घेऊन येतो. आवरणाच्या मागे दोन एककांवर आतला पंखा असेल तर तीच रेघ त्याला (८, ६, -२) वर टेकते. डोळ्यापासून आवरणाचं अंतर तिरक्या मापाने १३.०२ एकक, पंख्याचं १५.६२. `hits` ही यादी अंतराप्रमाणे लावून मिळते, जवळचं आधी, आणि म्हणून बहुतेक जण डोळे झाकून तिच्यातली पहिली नोंद घेतात. घन, अपारदर्शक पंपासाठी ते बरोबरच आहे.

इथपर्यंतचा हिशेब एका त्रिकोणाचा झाला. खऱ्या मॉडेलमध्ये ते किती असतात याचा अंदाज यावा म्हणून स्टॅनफर्डच्या सशाचं उदाहरण घेऊ. तिथल्या विद्यापीठात १९९४ मध्ये मातीच्या एका सशाचं स्कॅन करून जाळी केली. तेव्हापासून जगभर ग्राफिक्सवाले त्यावर हात साफ करतात. त्या एका सशात ६९,४५१ त्रिकोण आहेत, आणि आजच्या मानाने तो हलका समजला जातो. कारखान्याच्या आराखड्यातून आलेला पंप दहा लाखांवर सहज जातो, कारण आराखड्याच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बोल्टचे आटेसुद्धा त्रिकोणांत मांडायची हौस असते.

थ्री-जेएस काही कष्ट आधीच वाचवतं. प्रत्येक भागाभोवती तो पूर्ण मावेल असा एक काल्पनिक गोल आखलेला असतो. किरण त्या गोलालाच शिवत नसेल तर आतले त्रिकोण पाहायचे नाहीत. शिवत असेल तर आणखी एक शहाणपण: भाग जिथे ठेवला आणि जसा वळवला आहे तिथे त्याचे सगळे बिंदू नेऊन बसवण्यापेक्षा किरणालाच उलटं वळवून त्या भागाच्या मूळ मोजमापांत आणायचं. पन्नास हजार बिंदू हलवण्यापेक्षा एक रेघ हलवणं केव्हाही स्वस्त. पण एवढं करूनही गोलाच्या आत शिरल्यावर त्या भागाचे सगळे त्रिकोण एकेक करून तपासले जातात. पंपाचं आवरण एकाच जाळीचं असेल आणि तिच्यात आठ लाख त्रिकोण असतील तर प्रत्येक क्लिकला आठ लाख कसोट्या.

एका क्लिकपुरतं हे खपून जातं. किंचित उशीर झाला तरी कुणी तक्रार करत नाही. अडचण येते ती बाण नुसता वरून फिरताना भाग उजळून दाखवायचा असेल तर. चित्र सेकंदाला ६० वेळा नवं होतं, एका वेळेला जेमतेम १७ मिलिसेकंद, आणि त्यातच चित्र काढायचं व किरणही सोडायचा. मग पंप अडखळत फिरू लागतो.

यावरचा उपाय म्हणजे त्रिकोणांची आधीच उतरंड लावून ठेवणं. मोठ्या गृहसंकुलात एखादं घर शोधताना आपण सगळ्या दारांवरच्या पाट्या वाचत नाही. आधी इमारत, मग मजला, मग दार. तसंच जाळीभोवती एक पेटी आखायची, तिचे दोन भाग करून प्रत्येकाला आपली पेटी, त्यांचे पुन्हा दोन, असं पेटीत दहाएक त्रिकोण उरेपर्यंत. या रचनेला बीव्हीएच म्हणतात. सशाच्या सुमारे सत्तर हजार त्रिकोणांची अशी वाटणी तेराएक पायऱ्यांत संपते. किरण ज्या पेटीला शिवत नाही तिच्यातलं सगळं एका फटक्यात बाद. पेट्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, त्यामुळे काही वेळा दोन्ही बाजूंना उतरावं लागतं. तरी हजारोंच्या जागी काही डझन कसोट्यांवर काम भागतं. थ्री-जेएसला जोडता येणारं `three-mesh-bvh` हे खुलं ग्रंथालय हेच करतं. फुकट मात्र काहीच मिळत नाही. उतरंड लावायला मॉडेल उघडताना वेळ जातो, ती ठेवायला जागा लागते, आणि जाळीचा आकार बदलला तर पेट्या नव्याने मापाव्या लागतात.

आकार बदलण्याचा विषय निघालाच आहे तर त्या दोन प्रतींकडे परत येऊ, कारण चांगल्या-चांगल्या माणसांना चकवतात त्या गोष्टी इथे आहेत.

पंपाचं आवरण बाजूला करून आत पाहता यावं म्हणून तिथे एक बटण ठेवलेलं असतं: आवरण लपवा. बटण दाबल्यावर आवरण नाहीसं होतं, पंखा दिसतो, पंख्यावर क्लिक करावं तर निवडलं जातं न दिसणारं आवरण. थ्री-जेएसमध्ये `visible` हा शब्द फक्त चित्र काढण्यापुरता आहे. किरण सोडणारा त्याच्याकडे पाहत नाही. दुसऱ्या प्रतीत आवरण जागच्या जागी आहे. लपवलेले भाग `parts` या यादीतून आपण स्वतः काढायचे, किंवा ते वेगळ्या स्तरावर टाकायचे; `layers` मात्र किरण पाळतो. पंप मधून कापून दाखवणारं प्रतल वापरलं असेल तर तीच गत. कापून टाकलेला अर्धा भाग चित्रात नाही, पण किरणाला तो लागतोच. तिथे मिळालेला प्रत्येक बिंदू कापाच्या कुठल्या बाजूला पडतो ते पाहून नको त्या नोंदी गाळाव्या लागतात. काचेसारखं पारदर्शक आवरण असेल तर प्रश्न गणिताचा राहतच नाही. यादीतली पहिली नोंद आवरण, दुसरी पंखा. पाहणाऱ्याला यातलं काय हवं होतं? काही दर्शकांमध्ये त्याच जागी पुन्हा क्लिक केलं की यादीतली पुढची नोंद निवडली जाते. मला ही सोय सर्वात प्रामाणिक वाटते, जरी ती पहिल्यांदा वापरणाऱ्याला सांगावी लागते.

याहून लबाड प्रकार हालचालीचा. पंपाची नळी कंप पावताना दाखवायची असेल तर ती हालचाल पुष्कळदा ग्राफिक्स चिपवरच, चित्र काढता-काढता केली जाते. चिप बिंदू सरकवते. जावास्क्रिप्टजवळच्या प्रतीला त्याचा पत्ताही नसतो. नळी उजवीकडे झुकलेली दिसते आणि क्लिक लागतो ती सरळ उभी असतानाच्या जागी. सौम्य रूपात हेच अन्यत्रही घडतं. एखादा भाग कोडने हलवला आणि चित्र पुन्हा निघायच्या आतच किरण सोडला तर किरणाला भागाची जुनी जागा दिसते. आधी `updateMatrixWorld()` म्हणावं लागतं. किंवा जाळीचे बिंदू बदलले पण भोवतीचा तो गोल जुनाच राहिला, तर किरण गोलापाशीच परत फिरतो आणि समोर दिसणारा भाग क्लिकला दादच देत नाही.

अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा किरण जिथे लागला तिथे एक लाल ठिपका काढावा. हा बिंदू यादीत `point` म्हणून मिळतोच. ठिपका बाणाच्या टोकाखालीच उमटला आणि तरी नाव भलतंच आलं, तर हिशेब बरोबर आहे. निवड कुणाची करायची हे ठरवण्यात घोळ आहे. ठिपका बाणापासून दूर उमटला तर सुरुवातीच्या त्या तीन ओळी तपासाव्यात. ठिपका हवेत तरंगताना दिसला तर दोन प्रतींची फारकत झाली आहे. किरणच रेषेने काढून पाहायचा असेल तर एक गंमत लक्षात ठेवावी लागते: ज्या जागेवरून क्लिक केलं तिथून तो कधीच दिसत नाही, कारण आपण त्याच्याच टोकाशी उभे असतो. मॉडेल जरा वळवलं की रेष बाजूने दिसू लागते.

मोबाईलवर दोन गोष्टी वेगळ्या होतात. तिथे बोट टेकवून पंप फिरवायचाही असतो आणि भाग निवडायचाही. बोट टेकलं ती जागा आणि उचललं ती जागा यांत पाचेक ठिपक्यांहून जास्त अंतर असेल तर तो क्लिक समजू नये, असा साधा नियम लावतात. नाहीतर प्रत्येक वेळी फिरवून झाल्यावर काहीतरी नारिंगी होत राहतं. दुसरं, बोट जाड आणि किरणाला जाडीच नाही. छोटा बोल्ट बोटाखाली झाकला जातो आणि किरण त्याच्या शेजारून निघून जातो. मधला किरण रिकामा गेला तर भोवती वर्तुळात आणखी काही किरण सोडून जवळात जवळचा भाग घेणं हा त्यावरचा तोडगा.

किरणाशिवाय दुसरी वाटही आहे. प्रत्येक भागाला वेगळा रंग देऊन एक गुप्त चित्र काढायचं आणि क्लिकच्या जागचा एकच ठिपका वाचून भाग ओळखायचा. तीन रंगछटांचे प्रत्येकी २५६ स्तर धरले तर १,६७,७७,२१६ भागांना पुरतील इतके रंग होतात. उत्तर खुद्द चिपच देते, त्यामुळे कंप पावणारी नळीही बरोबर सापडते. मात्र कडा मऊ करण्याची सोय बंद ठेवावी लागते, नाहीतर दोन भागांच्या सीमेवर त्यांच्या रंगांची सरमिसळ होऊन तिसऱ्याच भागाचा क्रमांक तयार होतो. शिवाय चिपकडून ठिपका परत मागवताना काम खोळंबतं, आणि मिळतो तो फक्त भाग. पृष्ठभागावरचा नेमका बिंदू आणि तिथला उतार, जे किरणासोबत आपोआप मिळतात, ते वेगळे मिळवावे लागतात. मॉडेलवर टाचणी लावून टीप लिहायची असेल तर ते लागतातच. गूगलच्या `<model-viewer>` मध्ये तर हलणाऱ्या पृष्ठभागावर टाचणी चिकटून राहावी म्हणून त्रिकोण कुठला आणि त्याच्या तीन टोकांचा त्या बिंदूतला वाटा किती, हेच लिहून ठेवता येतं. मघाच्या आपल्या उदाहरणात हे वाटे ०.३३, ०.४२ आणि ०.२५ असे आले असते.

आणि तरीही, किरण अचूक, ठिपका अचूक, दोन्ही प्रती जुळलेल्या, असं असूनही बोल्टचं नाव न मिळण्याची एक शक्यता उरते. किरणाला सापडते ती जाळी. पंपाचा मोटरसंच म्हणजे एक भाग असं आपण म्हणतो. फाईलमध्ये मात्र त्याचा लोखंडी अंश वेगळी जाळी आणि रबरी अंश वेगळी जाळी असतो, कारण ग्लटीएफ या रूढ फाईल-प्रकारात दर सामग्रीमागे वेगळा तुकडा पडतो. नाव त्या दोघांच्या वरच्या फांदीला दिलेलं असतं. म्हणून सापडलेल्या जाळीपासून `parent` ने वर-वर चढत, ओळखीचं नाव भेटेपर्यंत जावं लागतं. कुठे थांबायचं हे त्या फाईलवर अवलंबून: खूप खाली थांबलं तर बोल्टचा रबरी वॉशर निवडला जातो, खूप वर गेलं तर अख्खा पंप.

याच्या उलट टोकाला, चित्र लवकर निघावं म्हणून मॉडेल तयार करणाऱ्याने चारशे बोल्ट एकाच जाळीत वितळवून टाकलेले असतात. किरण त्यातल्या कुठल्याही बोल्टला लागला तरी उत्तर एकच येतं. सोबत `faceIndex`, म्हणजे कितवा त्रिकोण, एवढा आकडा मिळतो. कितव्यापासून कितव्या त्रिकोणापर्यंत कुठला बोल्ट, याचा तक्ता वितळवताना लिहून ठेवला असेल तर त्यावरून नाव शोधता येतं. सगळे बोल्ट हुबेहूब सारखे असतील तर एकच जाळी चारशे ठिकाणी उभी करणारा `InstancedMesh` वापरावा; तिथे किरण `instanceId` हा क्रमांक आपणहून देतो. तक्ताही नाही आणि क्रमांकही नाही, असं असेल तर ब्राउझरमध्ये करण्यासारखं फारसं उरत नाही. मूळ आराखडा उघडून फाईल पुन्हा काढून घ्यावी लागते, या वेळी बोल्ट वेगळे ठेवून.